केस कमेंट तपासताना निकाल शेवटून उघडा

वाचकाचं पत्र:

"मी कोल्हापुरातल्या एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. अंतर्गत गुणांसाठी मुलांना विनीता शर्मा केसवर, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीच्या हक्काचा जो निकाल आहे त्यावर, केस कमेंट लिहायला दिली होती, २५ मार्कांची. बेचाळीस आल्यात, त्यातल्या दोन आठ दिवस तशाच पडून आहेत. पहिली इतकी सफाईदार की वाचताना कुठंच अडखळायला होत नाही, निकालावर सडकून टीका आहे. दुसरीची भाषा मोडकी, पण ती सांगलीची कुठलीतरी जुनी केस काढून कोर्टालाच प्रश्न विचारते आणि शेवटी निकाल बरोबर आहे म्हणते. केस कमेंट म्हणजे टीका, म्हणून पहिलीला जास्त द्यावेत असं वाटतं. पण खरं सांगते, आमच्या घरात आत्यांनी शेतीत हिस्सा मागितलाय, दावा चालू आहे, मला हा निकाल मनापासून पटत नाही. मग मी मार्क लिखाणाला देतेय की माझ्या रागाला? आणि एवढा मोठा निकाल बेचाळीस वेळा कुठं वाचत बसू? दोन्ही पेपरचे फोटो पाठवतेय."

उत्तर:

मुलांची नावं झाकून फोटो पाठवलेत ते बरं केलंत. दोन्ही कमेंट मी निकाल शेजारी उघडा ठेवून वाचल्या, आणि पहिलीच्या पहिल्याच पानावर माझी पेन्सिल तीन ठिकाणी थांबली. तुम्हाला कुठं अडखळायला झालं नाही कारण वाक्यं गुळगुळीत आहेत, पण सारांश बरोबर आहे का हे वाक्यं कशी वाहतात त्यावरून कळत नाही, ते निकालाशी ताडूनच कळतं. आणि त्यासाठी शंभरावर पानं बेचाळीस वेळा वाचायची काही गरज नाही. एकदा नीट वाचा, मग एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: कोर्टापुढं नेमका प्रश्न काय आला होता, कोर्टानं शेवटी काय उत्तर दिलं, कुठले जुने निकाल मोडले, आणि शेवटच्या ओळीत काय आदेश केला. हा कागद बेचाळीस पेपरना पुरतो.

तो कागद कसा होईल ते इथंच बघू. प्रश्न असा होता की हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, त्या दिवशी वडील हयात नसतील तर मुलगी सहदायक, म्हणजे आपण कोपार्सनर म्हणतो ती, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानंच वाटा असणारी, होते की नाही. प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालात म्हटलं होतं की हयात सहदायकाच्या हयात मुलीलाच हक्क. २०१८ च्या दानम्मा केसमध्ये वडील २००१ लाच वारले होते तरी मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही दोन-दोन न्यायमूर्तींचे निकाल, आणि दोन दिशांना तोंड केलेले. म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढं गेला आणि ११ ऑगस्ट २०२० ला उत्तर आलं: मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही, मुलगी २००५ च्या आधी जन्मलेली असली तरी चालेल, पण हक्क मागायचा तो ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री, वाटणी, मृत्युपत्रं यांना हात लागणार नाही. ही २० डिसेंबर तारीख आकाशातून पडलेली नाही बरं का, त्या दिवशी हे विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. फुलवती मोडला, दानम्मा जेवढा विरोधात जातो तेवढाच मोडला. आणि शेवटची ओळ अशी की ही प्रकरणं आता गुणवत्तेवर निर्णयासाठी योग्य त्या खंडपीठापुढं ठेवा.

या शेवटच्या ओळीपाशीच पहिली कमेंट पहिल्यांदा घसरते. ती लिहिते, "सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा यांना वडिलांच्या मिळकतीत भावांइतका हिस्सा दिला." या निकालात तसं झालेलं नाही. मोठ्या खंडपीठानं फक्त कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हिस्सा किती आणि कशात हे ठरवायला प्रकरण परत पाठवलं. तुम्हाला वाटेल ही बारीक चूक आहे, पण मी हिला मोठी धरेन, कारण कोर्टानं काय केलं हेच ज्याला सांगता आलं नाही त्यानं आदेशाची ओळ वाचलेलीच नाही, मथळे वाचलेत. ही चूक पकडायला मला निकालाचं फक्त शेवटचं पान लागलं, म्हणून म्हणते निकाल शेवटून उघडा.

दुसरी चूक "वडिलांच्या मिळकतीत" याच शब्दांत दडलीय. कलम ६ हे सहदायकी मिळकतीचं कलम आहे. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर, प्लॉट, दुकान हे मृत्युपत्र नसेल तर कलम ८ नं जातं, आणि तिथं मुलगी १९५६ पासूनच पहिल्या वर्गातली वारस आहे. विद्यार्थी हे दोन्ही एका पोत्यात भरतात, मग पुढची सगळी टीकाही त्या पोत्यावरच होते. याला जोडूनच एक आपल्याकडची गोष्ट. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दुरुस्ती केली होती, २२ जून १९९४ पासून, लग्न न झालेल्या मुलींपुरती. त्यामुळे "मुलींना २००५ मध्ये पहिल्यांदाच" असं कुणी लिहिलं असेल तर कोल्हापूरच्या पेपरमध्ये ते चालवून घेऊ नका.

तिसरी चूक तोंडी वाटपाची. "यापुढे तोंडी वाटणी अजिबात मान्य होणार नाही" असं ती लिहिते, आणि या एका "अजिबात" मुळे निकालाचा अर्थ बदलतो. कोर्टानं म्हटलंय की नुसत्या तोंडी पुराव्यावर उभी असलेली वाटणीची बाजू सरळ फेटाळावी, हे खरं, पण अपवादही ठेवलाय: सरकारी कागदांचा आधार असेल आणि डिक्रीनं व्हावी तशीच वाटणी शेवटाला गेलेली दिसत असेल तर मान्य करता येईल. त्यातही नुसता वेगळा ताबा आणि महसुली नोंद एवढ्यावर भागत नाही, त्या काळचे दुसरेही सरकारी कागद लागतात, आणि कोर्टानं तेही नाखुशीनंच स्वीकारावं असा सूर आहे. करवीर, कागल, शिरोळ कुठंही जा, आज्ज्यानं बांधावर उभं राहून वाटणी सांगितली आणि फेरफार घातला अशी घरं शेकड्यानं आहेत, आणि त्यांचे खटले या अपवादात काय बसतं नि काय बसत नाही यावरच लढले जातात. तो अपवाद सारांशातून गाळला तर सारांश चुकीचा झाला, मग बाकी कितीही सुबक असो.

आता एक जागा सांगते जिथं मी स्वतः फसले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत परीक्षक होते, एका निबंधाला मी पहिला नंबर दिला, त्यात निकालातली मोठी सुंदर उताऱ्याची ओळ होती. नंतर घरी निकाल उघडला तर ती ओळ कोर्टाची नव्हतीच, हरलेल्या बाजूच्या वकिलाच्या युक्तिवादातली होती. बक्षीस वाटून झालं होतं. दुसऱ्या नंबरच्या मुलाचं मला अजून वाईट वाटतं. आपल्या मोठ्या निकालांत पानंच्या पानं दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात, आणि विनीता शर्मामध्ये तर ते भरपूर आहेत. कोर्टाला मदत करायला नेमलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी तिथं सांगितलं होतं की फुलवती आणि दानम्मा यांच्यात विरोध नाहीच, दोन्हींत दुरुस्ती पुढल्या काळापुरतीच धरलीय. तुमच्या पहिल्या कमेंटच्या दुसऱ्या पानावर हेच वाक्य "न्यायालयाच्या मते" म्हणून आलंय! ओळखायची खूण सोपी आहे. अवतरण दिसलं की त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला जा आणि क्रियापद बघा. "असे प्रतिपादन केले", "असे निवेदन केले", इंग्रजी प्रत असेल तर सबमिटेड, आर्ग्यूड, कंटेंडेड, असं काही असलं की ते कोर्टाचं मत नाही. मुलांना पुढच्या वेळी परिच्छेद नंबर आणि कुठल्या प्रतीतला नंबर ते लिहायला सांगा, कारण कोर्टाच्या वेबसाइटवरची प्रत आणि छापील रिपोर्ट यांचे नंबर जुळत नाहीत आणि मग तुम्ही उगाच शोधत बसता.

सारांश झाला, आता टीकेकडं येऊ. तुम्ही म्हणता केस कमेंट म्हणजे टीका. इथं मला जरा थांबवावंसं वाटतं. निकाल आवडला नाही हे सांगणं वेगळं आणि निकालाचं कारण कुठं लंगडतं हे दाखवणं वेगळं. पहिलीची टीका अशी आहे की भावांवर अन्याय झाला, घरं मोडतील, जुने व्यवहार सगळे उलटेपालटे होतील. यातल्या एकेका वाक्याला विचारा, तू कोर्टाच्या कुठल्या वाक्याला धडक देतोस? पहिल्या दोघांना उत्तर नाही, ते कुठल्याही निकालावर डकवता येतात. तिसऱ्याला उत्तर कोर्टानं आधीच देऊन ठेवलंय, २० डिसेंबर २००४ च्या आधीचे व्यवहार सुरक्षित आहेत म्हणून. कोर्टाचं ते उत्तर अपुरं आहे असं ती म्हणाली असती तर चालतं, पण ते उत्तर आहे हेच तिनं सांगितलेलं नाही. असे "ऐतिहासिक, क्रांतिकारी निकाल" म्हणून आरती ओवाळणारे पेपरही तुमच्या गठ्ठ्यात असतीलच, त्यांनाही हाच प्रश्न विचारा, त्यांचंही तेच होईल.

दुसऱ्या कमेंटमध्ये मात्र खरा प्रश्न आहे. तिचं वाक्य जसंच्या तसं देते: "गुरुपाद केसमध्ये कोर्ट म्हणाले वाटणी झाली असे एकदा धरले की तिचे सगळे परिणाम धरायचे. मग इथे अर्धेच का धरले?" वाक्य खडबडीत आहे पण नेम बरोबर लागलाय, आणि का लागलाय ते उदाहरणानं बघू, कारण हे समजल्याशिवाय तुम्हाला त्या पेपरचं मोल कळायचं नाही.

समजा नऊ एकर सहदायकी जमीन आहे, बाप, दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच वारलेली, आणि बाप १९९९ ला गेला. मुलीचं लग्न १९९४ च्या आधीच झालेलं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुरुस्तीत ती बसत नाही. जुन्या कलम ६ प्रमाणं बाप जायच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे बाप आणि दोन मुलगे, तिघांना तीन तीन एकर. बापाचे तीन एकर मग तीन वारसांत, एकेक एकर. मुलीला एक एकर, मुलग्यांना चार चार. आता जर ही धरलेली वाटणी पूर्ण खरी मानली तर १९९९ लाच मुलग्यांचे तीन तीन एकर सुटे झाले, २००५ ला मुलगी सहदायक झाली तरी तिला वाटा घ्यायला एकत्र असं काही उरलंच नाही. विनीता शर्मामध्ये कोर्ट म्हणतं तसं नाही, ही धरलेली वाटणी फक्त मेलेल्या माणसाचा हिस्सा मोजण्यापुरती, त्यानं एकत्र कुटुंब मोडत नाही. म्हणजे मुलग्यांचे सहा एकर एकत्रच राहिले, २००५ ला त्यात मुलगी तिसरी आली, दोन एकर तिचे, आणि वारसाचा एक एकर धरून तीन. एक एकराचे तीन एकर झाले, सगळ्यांना सारखे. निकालाचं सगळं वजन या एका मुद्द्यावर आहे, की धरलेली वाटणी कुठवर धरायची.

आणि गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम, १९७८ चा निकाल, दावा सांगलीच्या कोर्टातून गेलेला. नवरा १९६० मध्ये वारला, मागं विधवा, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी ७/२४ हिस्सा मागितला आणि मिळाला. कसा, तर धरलेल्या वाटणीत नवरा, बायको, दोन मुलगे असे चौघे, बायकोचा १/४ म्हणजे ६/२४, आणि नवऱ्याच्या १/४ मधून सहा वारसांपैकी एक म्हणून १/२४. त्या वेळी सुप्रीम कोर्टानं ठामपणे म्हटलं होतं की एकदा वाटणी धरली की तिचे परिणाम शेवटपर्यंत न्यायचे, मध्येच कल्पना सोडायची नाही. तुमची विद्यार्थिनी नेमकं हेच वाक्य विनीता शर्मासमोर ठेवते. मग पुढं तीच लिहिते की तिथं प्रश्न विधवेचा हिस्सा मोजायचा होता, एकत्र कुटुंब उरलं की नाही हा नव्हता, कोर्टानं पण असाच फरक केलाय, आणि तो फरक तिला पटतो, फक्त गुरुपादचं वाक्य इतकं मोकळं होतं की कोर्टानं त्यावर अजून स्पष्ट बोलायला हवं होतं. बघा, कोर्टाचं कारण आधी प्रामाणिकपणे मांडलं, त्याच्यावर सगळ्यात जड हरकत ठेवली, कोर्टाचं उत्तर सांगितलं, ते कुठवर पुरतं ते सांगितलं. निकाल बरोबर आहे असं शेवटी म्हणाली म्हणून ती कमी चिकित्सक होत नाही. माझ्या मते या गठ्ठ्यातलं हे सगळ्यात चांगलं पान असेल.

तिच्याही चुका आहेत, त्या सोडू नका. "दानम्मा रद्द झाला" असं ती सरळ लिहिते, तो अंशतःच मोडलाय. आणि नेमका कुठला अंश हे कोर्टानं वेगळं काढून सांगितलेलं नाही, तिथं तिला टीकेची आयती जागा होती ती तिनं घालवली. रेट्रोस्पेक्टिव्ह आणि रेट्रोॲक्टिव्ह यातही तिचा गोंधळ आहे. रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे कायदा मागच्या काळापासूनच लागू, पण कोर्टानं दुरुस्तीला रेट्रोॲक्टिव्ह म्हटलंय, म्हणजे हक्क वापरायचा २००५ पासून, पण तो टेकलाय आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर, जन्मावर. मराठीत दोन्हींना "पूर्वलक्षी" लिहिलं की फरक पुसला जातो, म्हणून पोरांना हे दोन शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहू द्या.

मार्कांचं म्हणाल तर २५ पैकी १० सारांशाला, १२ कारणमीमांसेच्या परीक्षणाला आणि ३ भाषा-मांडणीला असे आधीच कागदावर टाका, पेपर हातात घ्यायच्या आधी. माझ्या हिशोबानं पहिलीला ४, ३ आणि भाषेचे पूर्ण ३, म्हणजे १०. दुसरीला ८, १० आणि १, म्हणजे १९. तुमचे आकडे एक-दोननं हलतील, हलू देत. पण एक बघा, सारांशात आदेशच चुकला असेल तर परीक्षणाला निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, कारण जे कोर्ट बोललंच नाही त्याचं परीक्षण झालेलं असतं.

आता आत्यांचा विषय. तुम्ही हे पत्रात स्वतःहून लिहिलंत याचा मला आदर वाटतो. राग असणं गुन्हा नाही, जमिनीच्या वादात घरातली माणसं कशी एकमेकांच्या दारात जायची बंद होतात ते मी अशिलांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलंय. पण रागाचा माग काढता येतो. निकालाच्या विरोधातले पाच पेपर आणि बाजूचे पाच पेपर वेगळे काढा, परीक्षणाच्या १२ पैकी तुम्ही दिलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून झाका आणि ते दहा पेपर कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाकडं द्या, ज्याचा असा दावा नाही. दोघांचे आकडे विरोधातल्या पेपरांतच जास्त फाटत असतील तर तिथं तुमचा हात जड किंवा हलका पडलाय, तेवढेच परत तपासा. आणि घरच्या दाव्याचं मत घरच्या वकिलाबरोबर बसून बनवा, तुमच्या शेतीची वाटणी कधी आणि कशी झाली, कागद काय आहेत, हे बघितल्याशिवाय हा निकाल तुमच्या विरोधात जातो की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

पहिल्या पेपरवर मोठा लाल शेरा मारू नका. त्या तीन चुकांसमोर आणि "न्यायालयाच्या मते" समोर फक्त निकालाचा परिच्छेद नंबर लिहा आणि तिला बोलवून सांगा, हे चार परिच्छेद वाच आणि फक्त सारांशाचं पान पुढच्या सोमवारपर्यंत परत लिहून आण. एवढी स्वच्छ लिहिणारी मुलगी आहे, दोन-तीन वर्षांत ती इथल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं उभी राहून कुणाच्या तरी जमिनीबद्दल बोलत असेल.